हप्ता तीन महिन्यांनी, व्याज महिन्याला: मावशीच्या हिश्श्याचं आजचं मोल किती?

आमच्या आजोळचं घर खानापूर तालुक्यात आहे. घर मामांकडे ठेवायचं आणि मावशीला तिच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे, एवढं दोघांनी भांडण न करता ठरवलं. अडलं ते पैशांच्या रीतीवर. मामांनी दोन पर्याय पुढं ठेवले. एक, ठेव मोडून आत्ता एकरकमी ६,७५,००० रुपये. दुसरा, दर तीन महिन्यांनी ४०,००० रुपये, पाच वर्षं, म्हणजे वीस हप्ते आणि एकूण ८,००,०००.

मावशी बेळगावात मुलाकडे राहते. त्यांच्या घराचं कर्ज चालू आहे: अजून अठरा लाख शिल्लक, चौदा वर्षं बाकी, दर सध्या वर्षाला ९ टक्के. मामांकडून येईल तो पैसा, आत्ता येवो की हप्त्यानं, त्या कर्जातच भरायचा हे तिचं ठरलेलं. तिच्या मुलानं फोनवर हिशेब केला आणि वीस हप्त्यांचं आजचं मोल ७,४०,३२१ काढलं. "बघ की, पासष्ट हजारांनी हप्तेच बरे," असं मावशी मला फोनवर म्हणाली. आकडा ऐकूनच मला तो जड वाटला. दोन दिवसांनी वही घेऊन बसलो तेव्हा तो एक लाखाहून जास्त फुगलेला निघाला, आणि खरा आकडा धरला तर निर्णयच उलटा होत होता.

हिश्श्याचे, जमिनीचे, दुकानाच्या पागडीचे पैसे हप्त्यानं देण्याची रीत आपल्या सीमाभागात घरोघरी आहे. म्हणून तो हिशेब इथं सावकाश मांडतो.

आजचं मोल म्हणजे काय?

तीन महिन्यांनी मिळणारे ४०,००० आणि आज हातात असलेले ४०,००० सारखे नाहीत. आजचे पैसे मावशी आजच कर्जात भरेल आणि तीन महिन्यांचं व्याज वाचवेल. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: आज किती रुपये कर्जात भरले, तर तीन महिन्यांनी ४०,००० भरण्याइतकाच परिणाम होईल? जो आकडा येतो तो त्या हप्त्याचा आजचा भाव. त्यालाच वर्तमान मूल्य म्हणतात. वीसही हप्त्यांचे असे आजचे भाव काढून बेरीज केली की पूर्ण हप्तेमालिकेचं वर्तमान मूल्य मिळतं. ठरावीक अंतरानं येणाऱ्या सारख्या रकमांच्या अशा मालिकेला पुस्तकात वार्षिकी म्हणतात. हप्ता वर्षाला नसून तीन महिन्यांनी असला तरी नाव तेच, म्हणून तो शब्द वाचून गोंधळू नका. मी पुढं हप्तेच म्हणेन.

मग अडचण कुठं येते?

अडचण एवढीच की दोन घड्याळं वेगवेगळ्या चालीनं चालतात. मामांचा हप्ता तीन महिन्यांनी येतो. कर्जाचं व्याज मात्र दर महिन्याला लागतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २००२ पासून बँका कर्जावर व्याजाची आकारणी महिन्याच्या हिशेबानं करतात. कर्जाच्या कागदात 'मंथली रेस्ट्स' असे शब्द दिसतात, त्यांचा अर्थ हाच. ९ टक्क्यांना बारानं भागायचं, महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे ०.७५ टक्के.

इथं कुणी म्हणेल की मावशीचा मुलगा ईएमआय वेळेवर भरतो, मग व्याजावर व्याज आलं कुठून? येतं, पण दुसऱ्या बाजूनं. जादा पैसे भरल्यावर ईएमआय तेवढाच ठेवला, तर पुढच्या महिन्यात व्याज कमी लागतं. वाचलेलं व्याज त्याच ईएमआयमधून मुद्दलात जातं, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात त्या वाचलेल्या रकमेवरचंही व्याज वाचतं. म्हणजे आज भरलेला रुपया दर महिन्याला ०.७५ टक्क्यांनी चक्रवाढीनं वाढल्यासारखाच आहे. हे कर्ज चालू असेपर्यंतच खरं. मावशीच्या बाबतीत ६,७५,००० आत्ता भरले तरी कर्ज पाच वर्षांहून जास्त चालतं हे मी आधी तपासून घेतलं. कर्ज दोन-तीन वर्षांत फिटणार असतं, तर पुढच्या काळासाठी ९ टक्के धरता आले नसते.

शेतीचे व्यवहार एका बाजूला गुंठ्यात आणि दुसऱ्या बाजूला एकरात लिहिलेले असले, तर बेरजेआधी आपण चाळीस गुंठ्यांचा एकर करून घेतो. इथंही तेच करायचं. व्याजाचं माप महिना, हप्त्याचं माप तिमाही. आधी दोन्ही एका मापात आणायची, मग बेरीज. फरक एकच. गुंठ्यांचे एकर नुसत्या भागाकारानं होतात, व्याजाचं तसं होत नाही, कारण पहिल्या महिन्याचं व्याज दुसऱ्या महिन्यात स्वतःही व्याज कमावतं.

समतुल्य दर: तीन पावलांची एक ढांग

शंभर रुपये घ्या. पहिल्या महिन्याअखेर १००.७५ होतात. दुसऱ्या महिन्यात पाऊण टक्का या १००.७५ वर लागतो, तिसऱ्या महिन्यात त्याहून थोड्या मोठ्या रकमेवर. कॅल्क्युलेटरवर १.००७५ ला १.००७५ नं दोनदा गुणा. उत्तर येतं १.०२२६६९. म्हणजे तीन महिन्यांच्या तीन पावलांइतकं अंतर एका ढांगेत कापायचं, तर ती ढांग २.२६६९ टक्क्यांची. हाच समतुल्य तिमाही दर. नवं व्याज कुठूनही आलेलं नाही. कर्ज तेच, दर तोच, फक्त माप बदललं.

हा दर दोनच दशांशांवर आणून २.२७ करू नका. एवढ्यानंही मावशीच्या हिशेबात सुमारे १९० रुपयांचा फरक पडतो. ०.०२२६६९ असे सहा दशांश ठेवले की पुरे.

आता महिना विसरून जायचा. वीस तिमाह्या, वीस हप्ते, प्रत्येक तिमाहीला २.२६६९ टक्के. पहिल्या हप्त्याचा आजचा भाव ४०,००० भागिले १.०२२६६९, म्हणजे ३९,११३ रुपये. दुसरा हप्ता त्याच संख्येनं दोनदा भागला की ३८,२४६. असं करत विसावा हप्ता आजच्या भावात २५,५४८ रुपयांचा उरतो. तोही ४०,००० च दिसतो, पण पाच वर्षं लांब आहे.

वीस भागाकार करण्याऐवजी सूत्र वापरता येतं. त्यात PV म्हणजे वर्तमान मूल्य, R म्हणजे हप्ता, j म्हणजे तिमाही दर आणि n म्हणजे हप्त्यांची संख्या:

```
PV = R × [1 − (1 + j)^(−n)] / j
j = (1 + 0.09/12)^3 − 1 = 0.022669
R = 40000, n = 20
```

१.०२२६६९ चा विसावा घात म्हणजे १.००७५ चा साठावा घात. दोन्ही १.५६५६८ च्या आसपास येतात. साध्या कॅल्क्युलेटरवर १.०२२६६९ टाकून गुणाकाराचं बटण आणि मग बरोबरचं बटण एकोणीस वेळा दाबायचं. काही कॅल्क्युलेटरवर गुणाकाराचं बटण दोनदा दाबावं लागतं, म्हणून आधी २ चा घन करून पाहा, ८ आले की हात बसला. १ ला १.५६५६८ नं भागलं की ०.६३८७०. १ मधून ते वजा केलं की ०.३६१३०. त्याला ०.०२२६६९ नं भागलं की १५.९३८. याचा अर्थ, दर तिमाहीला एक रुपया असे वीस रुपये मिळणार असतील तर आज त्यांचं मोल सुमारे १५ रुपये ९४ पैसे.

४०,००० नं गुणून मावशीच्या हप्त्यांचं आजचं मोल ६,३७,५१८ रुपये. एकरकमी मिळणारे ६,७५,००० याहून ३७,४८२ रुपयांनी जास्त आहेत.

संगणकावर स्प्रेडशीट असेल तर एका ओळीत हेच उत्तर मिळतं:

```
=PV((1+0.09/12)^3-1, 20, -40000)
```

मुलाचं चुकलं कुठं?

त्यानं महिन्याचा दर बरोबर काढला, ०.७५ टक्के. हप्त्यांची संख्याही बरोबर टाकली, वीस. दोन्ही आकडे खरे, पण एक महिन्याच्या मापातला आणि दुसरा तिमाहीच्या. त्या दोघांना एकत्र घातलं की हिशेब असं समजतो की मामा दर महिन्याला ४०,००० देऊन वीस महिन्यांत मोकळे होणार. तसं असतं तर आजचं मोल खरोखर ७,४०,३२१ च झालं असतं. ही चूक मी वरचेवर पाहतो, आणि ती पकडायला एकच प्रश्न पुरतो: टाकलेल्या दराचा काळ गुणिले टाकलेले हप्ते, हे व्यवहाराच्या मुदतीइतकं येतं का? एक महिना गुणिले वीस म्हणजे वीस महिने. मुदत साठ महिन्यांची. इथंच थांबायचं.

नुसतं ९ भागिले ४ केलं तर?

२.२५ टक्के येतात आणि मोल ६,३८,५४८ निघतं, खऱ्याहून १,०३० रुपयांनी जास्त. तिमाहीच्या आतलं व्याजावरचं व्याज सुटलं, म्हणून दर थोडा कमी आणि मोल थोडं जास्त. इथं रक्कम लहान आहे हे मान्य. निर्णय त्यानं बदलला नसता. पण दर मोठा असेल, मुदत लांब असेल, किंवा कागदावर रुपया-पैशात आकडा लिहायचा असेल, तर हा फरक अंगावर येतो. बरोबर करायला एक गुणाकारच जास्त लागतो.

बँकेची ठेव असती तर गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या बँका मुदत ठेवीवर सहसा तिमाही चक्रवाढीनं व्याज देतात. व्याज तिमाहीला आणि हप्ताही तिमाहीला असला की चारनं भागलेलाच दर बरोबर, बदल करायची गरज नाही. पीककर्जालाही हे महिन्याचं गणित लावू नका. शेतीकर्जावरच्या व्याजाची आकारणी पिकाच्या हंगामाशी जोडलेली असते, ती २००२ च्या मासिक नियमातून वगळली होती.

४०,००० चे तीन भाग करून महिन्याला का धरू नये?

हा प्रश्न मामांनी विचारला. महिन्याला १३,३३३ रुपये, साठ महिने, दर ०.७५ टक्के. सगळं महिन्यातच झालं, मग दर बदलायची कटकट कशाला? असा हिशेब केला तर ६,४२,३१२ येतात, खऱ्याहून सुमारे ४,७९३ रुपयांनी जास्त. कारण सरळ आहे. तिमाहीचे पैसे तिमाही संपल्यावर येणार, आणि आपण कागदावर त्यातला पहिला भाग दोन महिने आधी व दुसरा एक महिना आधी घेतला.

मामांना खरंच महिन्याला द्यायचं असेल, तर बरोबरीची रक्कम १३,२३४ रुपये होते, १३,३३३ नव्हे. पहिले १३,२३४ दोन महिने व्याज कमावतात, दुसरे एक महिना, तिसरे काहीच नाही, आणि तिमाहीअखेर तिघांचे मिळून ४०,००० होतात.

बँकेच्या खिडकीवर ज्येष्ठ मंडळी ठेवीच्या व्याजावरून वाद घालतात, त्याच्या मुळाशी बरेचदा हेच असतं. दहा लाखांच्या ठेवीवर ७ टक्के, व्याज महिन्याला हवं. माणूस ५,८३३ ची वाट पाहतो आणि खात्यात ५,८०० च्या आसपास येतात. बँकेनं पैसे कापलेले नसतात. तिमाही दर १.७५ टक्के, तो उलट दिशेनं महिन्यावर आणला की ०.५८ टक्के होतो. पैसे आधी मिळतात म्हणून थोडे कमी मिळतात. इथं तीनदा गुणायच्या जागी घनमूळ काढायचं, एवढाच फरक.

एवढ्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मावशीचा सूत्रावर विश्वास नव्हता, आणि तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. मी वहीत पासबुकासारखे रकाने आखले. समजा आज ६,३७,५१८ रुपये महिन्याला ०.७५ टक्के देणाऱ्या खात्यात ठेवले. पहिल्या महिन्याचं व्याज ४,७८१, दुसऱ्याचं ४,८१७, तिसऱ्याचं ४,८५३. शिल्लक ६,५१,९७०. त्यातून ४०,००० काढले, उरले ६,११,९७०. पुढच्या तीन महिन्यांनी व्याज धरून आणि ४०,००० काढून ५,८५,८४३. तिनं स्वतः पेन्सिलनं चार तिमाह्या केल्या, पुढच्या मी केल्या. विसाव्या तिमाहीच्या सुरुवातीला ३९,११३ रुपये उरले, त्यावर ८८७ रुपये व्याज आलं, ४०,००० काढले आणि खातं शून्य झालं. तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हे पैसे आज असले तर अण्णाचे सगळे हप्ते मीच मला देऊ शकते." वर्तमान मूल्याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

हाच रकाना आकडा तपासायलाही कामी येतो. ७,४०,३२१ नं सुरुवात केली असती, तर वीस हप्ते काढूनही खात्यात मोठी रक्कम उरली असती.

दोन गोष्टी आकड्याहून मोठ्या

पहिली, पहिला हप्ता कधी. वरचा सगळा हिशेब पहिला हप्ता तीन महिन्यांनी धरून आहे. तो सहीच्या दिवशीच मिळाला आणि बाकीचे त्यामागून आले, तर प्रत्येक हप्ता एक ढांग जवळ येतो आणि मोल १.०२२६६९ नं गुणून ६,५१,९७० होतं. फक्त तारखेनं १४,४५२ रुपयांचा फरक. बोलण्यात "दर तीन महिन्यांनी" एवढंच येतं, आणि हे राहून जातं.

दुसरी, दर कुठला धरायचा. कर्ज नसतं आणि मावशीचे पैसे महिन्याला चक्रवाढीनं वर्षाला ६ टक्के देणाऱ्या ठिकाणी राहणार असते, तर त्याच हप्त्यांचं मोल ६,८६,२३७ झालं असतं, आणि मग एकरकमीपेक्षा हप्तेच सरस ठरले असते. दोन्ही पर्याय सारखे होतात ते ६.६७ टक्क्यांच्या आसपास. कर्जाचा दर बदलता असल्यामुळं ९ टक्के पाच वर्षं टिकतील असं नाही, पण तो ६.६७ च्या खाली जाईपर्यंत निर्णय फिरत नाही. समतुल्य दराची काळजी घ्यायलाच हवी, पण मूळ दर चुकीच्या ठिकाणचा उचलला तर सहा दशांशही उपयोगाचे नाहीत. आपले पैसे नेमके कुठं जाणार आहेत, तिथला दर धरायचा.

मामांना ठेव मोडायची नव्हती. त्यांनी विचारलं की मावशीचं नुकसान न होता हप्ता किती ठेवायचा. तोच भागाकार उलटा: ६,७५,००० भागिले १५.९३८, म्हणजे ४२,३५२ रुपये. मावशी म्हणाली, "बेचाळीस हजार लिही, वरचे राहू देत." आजच्या भावात तिनं ५,६०६ रुपये सोडले, आणि ते किती हे तिला आता माहीत होतं. हप्त्याच्या वीसही तारखा मात्र तिनं कागदावर एकाखाली एक लिहून घेतल्या.